१२.७ की ९.८ किलोमीटर? सामन्यातल्या मिनिटांवरून अंतर काढताना

प्रश्न: मी पुण्यात कॉलेजच्या फुटबॉल संघात सेंट्रल मिडफिल्डर आहे. गेल्या सामन्यात मित्राने गॅलरीत बसून स्टॉपवॉचवर माझी वेळ मोजली: चालणे ५८ मिनिटे, जॉगिंग २२ मिनिटे, स्प्रिंट १० मिनिटे (५० वेळा). ताशी ५, १० आणि २५ किलोमीटर वेग धरून १२.७ किलोमीटर आले. पाठीवर बांधलेल्या जीपीएस यंत्राने मात्र ९.८ दाखवले. मैदान १०० मीटर लांब आहे, रेकॉर्डिंग सोबत पाठवले आहे. चूक कोणाची? शिवाय १० मिनिटांत चार किलोमीटर स्प्रिंट होत असेल, तर सरावातही तेवढे स्प्रिंट मारू का?

उत्तर:

आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यात दुखापत होण्याचा धोका आहे: नाही, सरावात चार किलोमीटर स्प्रिंट मुळीच मारू नका. सामन्यातही तुम्ही तेवढे मारलेले नाहीत. रेकॉर्डिंग मी दोनदा पाहिले, दुसऱ्यांदा स्टॉपवॉच आणि कागद घेऊन पाहिले, आणि माझ्या मोजणीत तुमचे खरे स्प्रिंट चारशे मीटरही भरले नाहीत. जीपीएसचा आकडा बराचसा बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे तुमच्या गुणाकारातही चूक नाही. चूक झाली आहे ती कोणते मिनिट कोणत्या रकान्यात टाकायचे, या निर्णयात.

पद्धत तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे ती एका वाक्यात सांगतो. प्रत्येक प्रकारच्या हालचालीची मिनिटे आणि त्या हालचालीचा वेग यांचा गुणाकार करायचा आणि हे गुणाकार एकत्र मिळवायचे. वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि वेळ मिनिटांत असल्यामुळे मी आधी वेगाला १००० ने गुणून ६० ने भागतो, म्हणजे दर मिनिटाला किती मीटर ते कळते आणि आकडे डोळ्यांसमोर उभे राहतात. ताशी ५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे ८३ मीटर, ताशी १० म्हणजे १६७ आणि ताशी २५ म्हणजे ४१७ मीटर. तुमच्या मिनिटांना हे वेग लावले की चालण्याचे ४,८३३, जॉगिंगचे ३,६६७ आणि स्प्रिंटचे ४,१६७ मीटर होतात आणि एकूण १२,६६७ मीटर येतात. इथपर्यंत सगळे ठीक आहे. तिन्ही वेगांची सरासरी काढून तिला दीड तासाने गुणण्याची चूक तुम्ही केलेली नाही, हे पाहून बरे वाटले. ती करणारे दरवर्षी दोन-तीन तरी भेटतात आणि त्यांचे उत्तर थेट २० किलोमीटर येते, कारण त्या सरासरीत स्प्रिंटची दहा मिनिटे आणि चालण्याची अठ्ठावन्न मिनिटे एकाच वजनाची ठरतात.

आता स्प्रिंटच्या रकान्याकडे येऊ, कारण सर्वांत मोठी तफावत तिथेच आहे. मित्राने ५० स्प्रिंट आणि १० मिनिटे नोंदवली आहेत, म्हणजे एका स्प्रिंटला सरासरी १२ सेकंद. ताशी २५ किलोमीटर वेगाने १२ सेकंदांत ८३ मीटर होतात. तुमच्या १०० मीटरच्या मैदानावर ८३ मीटर म्हणजे स्वतःच्या गोलरेषेपासून थेट समोरच्या पेनल्टी बॉक्सच्या पुढच्या रेषेपर्यंत. एवढी धाव तुम्ही सामन्यात पन्नास वेळा, पूर्ण वेगाने घेतली असा या नोंदीचा अर्थ होतो. मिडफिल्डरला अशी एखादी धाव लागली तरी ती पुढे आठवडाभर आठवते. कोणाचीही अशी नोंद हातात आली की मी सर्वप्रथम स्प्रिंटच्या एकूण सेकंदांना स्प्रिंटच्या संख्येने भागतो, आणि भागाकार पाच-सहा सेकंदांच्या वर गेला की पुढचा हिशेब तिथेच थांबवतो.

मित्राने बटण नेमके केव्हा दाबले आणि केव्हा सोडले हे रेकॉर्डिंगमध्ये अर्थातच दिसत नाही, पण अंदाज करता येतो. दुसऱ्या हाफमधली, साधारण ६३व्या मिनिटाची तुमची एक धाव पाहा. चेंडू डाव्या बाजूला तुमच्या विंगरकडे जातो, तेव्हा तुम्ही सेंटर सर्कलच्या आपल्या बाजूच्या कडेवर पाठमोरे उभे आहात. तुम्ही वळता आणि तीनेक सेकंद जॉग करत वर सरकता. मग विंगर मान वर करतो तसा तुमचा वेग वाढतो, आणि पुढचे तीन सेकंद तुम्ही चांगले पळता, पण तो अजून स्प्रिंट नाही. त्यानंतर क्रॉस येणार हे दिसताच तुम्ही जी झेप घेता तीच खरी स्प्रिंट, आणि ती २.६ सेकंद चालते. चेंडू तुमच्या डोक्यावरून जातो, तुम्ही वेग मोडता आणि आणखी साडेतीन सेकंदांनी पेनल्टी स्पॉटच्या तीनेक मीटर अलीकडे कमरेवर हात ठेवून थांबता. सगळे मिळून बारा सेकंद. गॅलरीतून पाहणाऱ्याला ही एकच धाव दिसते, त्यामुळे त्याचे बोट वळल्यापासून थांबेपर्यंत बटणावर राहिले असणार.

या धावेचे अंतर मैदानावरच्या रेषांवरून काढता येते आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. सेंटर सर्कलची त्रिज्या ९.१५ मीटर असते, म्हणजे तुम्ही हाफलाइनच्या सुमारे ९ मीटर मागून निघालात. पेनल्टी स्पॉट गोलरेषेपासून ११ मीटरवर असतो. तुम्ही त्याच्या तीन मीटर अलीकडे थांबलात, म्हणजे गोलरेषेपासून १४ आणि हाफलाइनपासून ३६ मीटरवर होता. एकूण धाव ४५ मीटरची झाली. तुकड्यातुकड्याने मोजली तरीही तेच येते: जॉगिंगचे साडेसात, पळण्याचे साडेबारा, स्प्रिंटचे सोळा आणि वेग मोडण्याचे आठ-नऊ मीटर. मित्राच्या हिशेबाने मात्र याच बारा सेकंदांत ८३ मीटर झाले पाहिजेत. तसे असते तर तुम्ही गोलच्या जाळीतून आरपार जाऊन गोलरेषेच्या २४ मीटर मागे, बहुधा कुंपणाबाहेर सापडला असता.

अशा पन्नास नोंदींपैकी मला २२ धावांमध्ये खरी स्प्रिंट दिसली. उरलेल्या धावांमध्ये तुम्ही जोरात पळालात, पण पूर्ण वेग लावला नाही. त्या २२ स्प्रिंटची सरासरी २.७ सेकंद आली, म्हणजे एकूण जेमतेम एक मिनिट. उरलेल्या नऊ मिनिटांपैकी सात मिनिटे वेगाने पळण्याची होती आणि दोन मिनिटे सरळ जॉगिंगची, म्हणजे धावेच्या आधीची आणि नंतरची शेपटे. एक मिनिट फार कमी वाटत असेल, तर व्यावसायिक खेळाडूंचे आकडे पाहा. मोर, क्रुस्ट्रुप आणि बांग्सबो यांनी २००३ साली अव्वल दर्जाच्या व्यावसायिक खेळाडूंच्या हालचालींचे जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात खेळाडूंचे एकूण अंतर सरासरी १०.८६ किलोमीटर होते आणि स्प्रिंटमध्ये गेलेला वेळ होता फक्त १.४ टक्के. ९० मिनिटांचे १.४ टक्के म्हणजे सव्वा मिनिट. तुमचे एक मिनिट त्यामुळे अजिबात लाजिरवाणे नाही. नोंदवलेली दहा मिनिटे मात्र कोणाचीच असू शकत नाहीत.

वेगाने पळण्याच्या त्या सात मिनिटांसाठी तुमच्या तक्त्यात रकानाच नाही, आणि मला वाटते मित्राची खरी अडचण हीच होती. चालणे, जॉगिंग आणि स्प्रिंट असे तीनच पर्याय असल्यावर ताशी १५ किलोमीटरने पळणारा माणूस कुठे टाकायचा? जॉगिंग म्हणावे तर तो स्पष्टपणे पळतो आहे, म्हणून बोट आपोआप स्प्रिंटकडे जाते. त्यामुळे जॉगिंग आणि स्प्रिंट यांच्यामध्ये पळण्याचा एक रकाना हवाच. खालच्या टोकालाही असाच एक रकाना हवा आणि तो उभे राहण्याचा. गोलकिक होईपर्यंत, थ्रो-इनसाठी चेंडू शोधून आणेपर्यंत, कोणी खाली पडले म्हणून रेफरी शिट्टी वाजवतात तेव्हा, तुम्ही बऱ्याचदा एका जागी उभे असता. मित्राच्या तक्त्यात ही सगळी वेळ चालण्यात गेली. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ पाऊल पुढे पडले नाही तर उभे, असा नियम लावून मी मोजले, तेव्हा ही वेळ १२ मिनिटे भरली. वर सांगितलेल्या व्यावसायिक खेळाडूंच्या अभ्यासात हा वाटा सुमारे एकपंचमांश होता, त्यामुळे तुमची १२ मिनिटे खरे तर कमीच म्हणायला हवीत. पण मिनिटाला ८३ मीटर या दराने त्या उभ्या मिनिटांचे एक किलोमीटर अंतर तुमच्या खात्यावर फुकट जमा झाले होते.

आता वेगांबद्दल. ताशी ५, १० आणि २५ हे आकडे गोल आहेत, आणि असे गोल आकडे बहुतेक वेळा कुठेतरी ऐकलेले असतात. चालण्याचा वेग कदाचित फोनवरच्या अॅपचा असेल, जॉगिंगचा तळजाईवर सकाळी पळता तेव्हाचा. सामन्यातले जॉगिंग टेकडीवरच्या जॉगिंगपेक्षा मंद असते, कारण खेळाडू सतत मागे वळून पाहतो, दिशा बदलतो, मध्येच दोन पावले आडवी टाकतो. म्हणून वेगही त्याच सामन्यातून, त्याच खेळाडूचा आणि त्याच रेकॉर्डिंगवरून काढावा असे मी आग्रहाने सांगतो. त्यासाठी मैदानावर एक चांगली पट्टी आखलेलीच असते. हाफलाइन सेंटर सर्कलला दोन ठिकाणी छेदते आणि त्या दोन बिंदूंमधले अंतर १८.३ मीटर असते. खेळाडू हाफलाइनच्या जवळून, तिला समांतर असा सर्कल ओलांडतो, तेव्हा स्टॉपवॉच लावायचे. मिडफिल्डरच्या बाबतीत अशी संधी सामन्यात कितीतरी वेळा मिळते. तुम्ही चालत गेलात तेव्हा सरासरी १३ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला सुमारे ८५ मीटर. जॉगिंगला ७.३ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला १५० मीटर. पळताना ४.४ सेकंद, म्हणजे मिनिटाला २५० मीटर. प्रत्येक प्रकाराच्या आठ-दहा नोंदी घ्या आणि निम्म्या दुसऱ्या हाफमधल्या घ्या, कारण शेवटच्या अर्ध्या तासात, विशेषतः एप्रिल-मेच्या दुपारी, जॉगिंगचा वेग चांगलाच उतरतो आणि फक्त पहिल्या हाफवर विसंबले तर उत्तर फुगते.

इथे एक खबरदारी स्वानुभवातून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मैदानावर मी पेनल्टी बॉक्सची खोली १६.५ मीटर धरून एका संघाच्या सगळ्या खेळाडूंचे वेग काढले आणि ते सगळेच्या सगळे माझ्या अपेक्षेपेक्षा दहा टक्क्यांनी जास्त आले. दोन दिवस मी त्या मुलांवर खूश होतो. तिसऱ्या दिवशी टेप लावली तेव्हा कळले की फक्की मारणाऱ्याने पावले टाकून रेषा आखली होती आणि बॉक्स १५ मीटरचाच होता. सगळ्यांचा आकडा एकाच प्रमाणात चढलेला किंवा उतरलेला दिसला, तर दोष मुलांच्या पायांत नसून रेषांमध्ये असतो. तेव्हापासून सामन्याआधी सर्कलचा व्यास आणि बॉक्सची खोली मी स्वतः मोजतो. ज्या मैदानावर आठवड्यातून तीन वेळा नव्याने फक्की पडते, तिथे तर हे हमखास करावे. तुमच्या बाबतीत सेंटर सर्कलपासून काढलेले अंतर आणि तुकड्यांची बेरीज जुळली, म्हणून तुमच्या मैदानाच्या रेषांवर मी भरवसा ठेवला आहे.

स्प्रिंटच्या वेगाबाबत एक गोष्ट अनेक प्रशिक्षकांच्याही लक्षात येत नाही. ताशी २५ किंवा २८ हा स्प्रिंटचा कमाल वेग असतो आणि अंतर काढायला सरासरी वेग लागतो. उभ्या अवस्थेतून २० मीटर पळायला चांगल्या खेळाडूला ३.२ सेकंद लागतात, म्हणजे ताशी २२.५ किलोमीटर सरासरी. वीस मीटर संपताना त्याचा वेग मात्र ताशी २७-२८ पर्यंत गेलेला असतो. सामन्यातल्या बहुतेक स्प्रिंट इतक्या लहान असतात की वेग वाढवण्यातच त्या संपतात. तुम्ही पेनल्टी बॉक्सची रेषा ओलांडून गोलरेषेकडे सरळ आत शिरलात अशा काही धावा मी घड्याळावर घेतल्या आणि त्यातही १६.५ मीटरला सुमारे २.६ सेकंद लागलेले दिसले, म्हणून मी ताशी २२.५ च धरले आहे.

आता पुन्हा हिशेब करू. उभे १२ मिनिटे, अंतर शून्य. चालणे ४६ मिनिटे गुणिले ८५, म्हणजे ३,९१० मीटर. जॉगिंग तुमची २२ आणि स्प्रिंटमधून परत आलेली २, अशी २४ मिनिटे गुणिले १५०, म्हणजे ३,६०० मीटर. पळणे ७ मिनिटे गुणिले २५०, म्हणजे १,७५० मीटर. स्प्रिंट १ मिनिट गुणिले ३७५, म्हणजे ३७५ मीटर. बेरीज ९,६३५ मीटर. स्प्रिंटचा आकडा उलट बाजूनेही तपासता येतो: २२ स्प्रिंट प्रत्येकी सुमारे १७ मीटरच्या, म्हणजे ३७४. रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही हाफ मिळून साधारण एक मिनिट वाढीव वेळ खेळला गेला आहे, तो मित्राच्या ९० मिनिटांत नाही. तुमच्या सरासरी चालीने त्या मिनिटाचे १०७ मीटर मिळवले की ९,७४२ मीटर होतात. जीपीएसच्या ९.८ किलोमीटरशी यात साठ मीटरही फरक उरत नाही. इतकी जवळीक हा थोडा योगायोगही आहे, कारण हाताने केलेल्या मोजणीत आणि त्या यंत्रातही दोन-चार टक्के इकडेतिकडे सहज होतात.

तुमच्या १२,६६७ मधून जे ३,०३२ मीटर गळाले, ते कुठून गळाले हे पाहण्यासारखे आहे. स्प्रिंटच्या रकान्यातून १,७४२ गेले, चालण्याच्या रकान्यातून ९२३ आणि जॉगिंगच्या रकान्यातून ३६७. म्हणजे निम्म्याहून जास्त फुगवटा दहा मिनिटांच्या एका नोंदीत होता. यामागे एक साधा नियम आहे आणि मोजणीला बसणाऱ्याने तो लक्षात ठेवला तर त्याची निम्मी मेहनत वाचते. स्प्रिंटच्या बाबतीत मिनिटे चुकणे महागात पडते आणि चालण्याच्या बाबतीत वेग चुकणे महागात पडते. स्प्रिंटचा वेग मी २२.५ ऐवजी २५ धरला असता, तर एका मिनिटात फक्त ४२ मीटर वाढले असते. पण जॉगिंगचे एकच मिनिट चुकून स्प्रिंटमध्ये गेले असते, तर २२५ मीटर वाढले असते. चालण्याचे बरोबर उलटे आहे. तिथे एखादे मिनिट इकडचे तिकडे गेले तर फारसे बिघडत नाही, पण वेग ताशी ५.१ ऐवजी ५.६ धरला, तर ४६ मिनिटांत ३८३ मीटर वाढतात, म्हणजे तुमच्या सामन्यातल्या सगळ्या स्प्रिंटपेक्षाही जास्त. म्हणून स्प्रिंटचा वेग दशांशापर्यंत काढत बसू नका. तो वेळ चालण्याचा वेग नीट मोजण्यात आणि स्प्रिंटचे सेकंद कसून तपासण्यात घालवा.

मागे सरकणे आणि आडवे सरकणे यांचा वेगळा रकाना काही अभ्यासक करतात. मिडफिल्डरच्या बाबतीत मी तो करत नाही. मागे मागे चालणे चालण्यात आणि उलटे पळणे जॉगिंगमध्ये टाकतो. बचावपटूसाठी मात्र तो रकाना ठेवावा, कारण त्याची कितीतरी मिनिटे तशीच जातात.

पुढच्या वेळी हिशेब हाताने करण्यापेक्षा संगणकावरच्या तक्त्यात करा. B रकान्यात पाचही प्रकारांची मिनिटे आणि C रकान्यात त्यांचे ताशी किलोमीटरमधले वेग भरले की हे एक सूत्र पुरते आणि उत्तर मीटरमध्ये येते:

```
=SUMPRODUCT(B2:B6,C2:C6)*1000/60
```

त्याखाली मिनिटांची साधी बेरीजही ठेवा. ती सामन्याच्या प्रत्यक्ष वेळेएवढी आलीच पाहिजे. कमी आली तर घड्याळ बदलताना वेळ गळाली आहे, आणि जास्त आली तर दोन घड्याळे एकाच वेळी चालू राहिली आहेत.

जीपीएस यंत्राबद्दल एवढेच की त्याचा ९.८ हा आकडा फक्त सामन्याचा आहे का, हे एकदा अॅपमध्ये पाहून घ्या. पुष्कळदा यंत्र वॉर्मअपच्या आधी चालू केले जाते आणि खेळाडू पॅव्हेलियनमध्ये गेल्यावर बंद होते. मग वॉर्मअपचे दीड-दोन किलोमीटर आणि मध्यांतरातला फेरफटकाही सामन्यात धरला जातो. नोंदीची सुरुवात आणि शेवट रेकॉर्डिंगमधल्या शिट्ट्यांशी जुळवून बाकीचा भाग छाटायचा असतो. तुमचा आकडा माझ्या मोजणीशी जुळतो, त्यावरून कोणीतरी तो छाटलेला दिसतो, पण खात्री करणे बरे. मनगटावरचे घड्याळ सेकंदाला एकदाच जागा टिपणारे असेल, तर ते वळणे कापते आणि अंतर कमी दाखवते. तसेही बरेच रेफरी घड्याळ काढायला लावतात, आणि ते योग्यच आहे.

आता सरावाचे. सामन्यात ज्याच्या स्प्रिंटचे एकूण अंतर ३७५ मीटर आहे, त्याने एका सत्रात चार किलोमीटर स्प्रिंट मारायचे म्हणजे दहा सामन्यांहून जास्त स्प्रिंट एका संध्याकाळी मारण्यासारखे आहे. एकतर पाचव्या-सहाव्या फेरीनंतर वेग इतका पडेल की तो स्प्रिंट राहणारच नाही, नाहीतर मांडीच्या मागचा स्नायू ताणला जाईल, आणि मग पुढचा महिनाभर बाकावर बसून सामने पाहावे लागतील. तुमच्या आकड्यांकडे पाहता मी आठवड्यातून दोनदा १५ ते २० मीटरच्या आठ-दहा स्प्रिंट ठेवीन, प्रत्येकीनंतर दीड-दोन मिनिटे पूर्ण विश्रांती देऊन. वाढवायचे असेलच तर ती सात मिनिटांची पळण्याची वेळ वाढवण्याजोगी आहे. दुसऱ्या हाफमध्ये तीच सर्वांत जास्त घटलेली दिसते: पहिल्या हाफमध्ये सव्वाचार मिनिटे आणि दुसऱ्यात पावणेतीन.

मित्राला पुढच्या सामन्यात पाचही प्रकार एकट्याने मोजायला लावू नका, गॅलरीतून प्रत्यक्ष ते कोणालाच जमत नाही. त्याच्या हातात एकच स्टॉपवॉच द्या आणि त्यावर फक्त स्प्रिंट घ्यायला सांगा. तुमचे हात जोरात चालू लागले की सुरू करायचे आणि पहिले पाऊल आखडले की लगेच बंद करायचे, पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची नाही. बाकीचे चार प्रकार रेकॉर्डिंगवरून घरी बसून काढा. तीही मोजणी सलग दीड तास करायची नाही. पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यात एका वेळी एकच प्रकार मोजा, कारण डोळा थकला की चालणारा माणूस जॉगिंग करताना दिसू लागतो. एक तुकडा दोन दिवसांनी पुन्हा मोजून पाहा. दोन्ही वेळच्या जॉगिंगच्या नोंदीत अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त फरक आला, तर मोजणाऱ्याच्या मनातली जॉगिंगची व्याख्या अजून पक्की झालेली नाही, असे समजून तो तुकडा तिसऱ्यांदा मोजावा.